पाणी कुठवर आलं की निघायचं

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पोचलं की इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. कोल्हापुरात हे दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. पावसाचा जोर धरला की दर दोन-तीन तासांनी कोणीतरी मोबाईलवर फूट आणि इंच पाठवतं, आणि चहाच्या गाड्यावर राधानगरीच्या सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले याची चौकशी सुरू होते. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा कितीतरी माणसं घरातच होती. आकडा माहीत नव्हता असं अजिबात नाही. मग जी निघाली ती कशावरून निघाली आणि जी बसली ती कशाच्या भरवशावर बसली, हा माझ्या संशोधनाचा विषय.

या विषयावर प्रश्नावली काढता आली असती. 'आपणास पुराची पूर्वसूचना मिळाली होती का? होय/नाही.' अशा प्रश्नावल्या गावात इतक्या येऊन गेल्यात की चिखलीतल्या एका आजोबांनी मला बघताच विचारलं, "होय लिव्हायचं का न्हाई लिव्हायचं, आधी सांगा, म्हंजे लवकर उरकंल." मला उरकायचं नव्हतं. माणसं निघण्याचा निर्णय कसा करतात याची उकल त्यांच्याच बोलण्यातून उभी करायची होती, म्हणून ग्राउंडेड थिअरीचा रस्ता धरला. या पद्धतीबद्दल मराठीत बोललं जातं ते बहुधा कोडिंगबद्दल. मुलाखतीच्या कागदावर समासात शब्द लिहिले, रंगीत पेनानं अधोरेखित केलं की झालं विश्लेषण, असा समज. मला मात्र खरा जीव तीन गोष्टींत दिसला: पुढची मुलाखत कुणाची घ्यायची हे कशावरून ठरतं, एक प्रसंग दुसऱ्याशेजारी ठेवून काय दिसतं, आणि ते दिसलेलं त्याच क्षणी कागदावर कसं उतरतं. या तिन्ही एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या की त्यांचा अर्थच जातो.

बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणाऱ्या माणसांचा अभ्यास केला. आपण मरणार आहोत हे रुग्णाला ठाऊक आहे का, आणि ते ठाऊक असण्या-नसण्यानं डॉक्टर, नर्स, नातेवाईक कसे वागतात, हा त्यांचा प्रश्न. त्यातून जी पद्धत तयार झाली ती त्यांनी १९६७ मध्ये पुस्तकरूपानं मांडली. मला त्यातला सर्वांत शिकवणारा भाग वाटतो तो वॉर्डांचा क्रम. आधी गेले ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागात आणि मग मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या विभागात, जिथं बरेच रुग्ण बेशुद्ध. म्हणजे रुग्णाला काही कळण्याचा प्रश्नच कमीत कमी. मग अतिदक्षता विभाग, जिथं मरण अपेक्षित आणि झटपट. मग कर्करोगाचा विभाग, जिथं कर्मचाऱ्यांना माहीत, रुग्णाला माहीत असेल-नसेल, आणि मरण सावकाश. मग अपघात विभाग, जिथं ते अचानक. रुग्णालयातले सगळे वॉर्ड 'कव्हर' करायचे म्हणून हा फेरा नव्हता. जाणीव कमी-जास्त झाली, वेग बदलला, तर वागणं कसं बदलतं, या प्रश्नानं त्यांना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेलं. थिअरॉटिकल सॅम्पलिंग म्हणतात ते हे.

माझी सुरुवात प्रयाग चिखलीत झाली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी एकत्र येऊन इथं पंचगंगा होते, आणि पूर आला की हे गाव आणि शेजारचं आंबेवाडी पहिल्यांदा वेढलं जातं. सुरुवातीच्या दोन-चार मुलाखती या पद्धतीतही साध्याच हेतूनं घेतात: ज्यांच्या वाट्याला ती गोष्ट आलीय त्यांच्याकडं जायचं. अजून थिअरी नाही तर थिअरॉटिकल सॅम्पलिंग कुठून असणार?

त्याच होय-न्हाई विचारणाऱ्या आजोबांचं बोलणं आधी घेतो. "दोन हजार पाचच्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला लागलं आन् माघारी गेलं. ह्या वक्ताला बी तितकंच यील म्हटलं. बसलो. तर रातीत दोन पायऱ्या खाल्ल्या पाण्यानं." एवढ्या चार वाक्यांचं ओळीगणिक कोडिंग केलं. कोड नेहमी क्रिया सांगणारे ठेवायचे. 'अनुभव', 'विश्वास' अशी नामं लिहिली की माणूस काय करत होता तेच निसटतं. तर लिहिलं: मागचा पूर आठवणे, पायरीनं पाणी मोजणे, तितकंच येईल असं धरून चालणे, थांबणे, पाण्याच्या चढण्यानं दचकणे.

दुसरी मुलाखत त्याच गल्लीतल्या एका वहिनींची. "मी लग्न होऊन आले ते त्या पुरानंतर. सासूबाई म्हणाल्या, हितंपतूर येत न्हाई कधी. मग मी पोरांची दप्तरं बी उचलली न्हाईत." इथं कॉन्स्टंट कंपॅरिझन सुरू होतं. दोन्ही ठिकाणी माणसं जुन्या पुराची एक जागा धरून बसलेली. मी त्याला 'खूण धरणे' असं नाव दिलं. पण आजोबांची खूण त्यांनी स्वतः पाहिलेली, वहिनींची सासूकडून उसनी घेतलेली. म्हणजे 'खूण धरणे' या प्रवर्गाचा एक गुणधर्म सापडला: खूण कुणाची. एकच प्रसंग हातात असता तर तो दिसला नसता. तुलनेचं काम हेच, साम्य सापडलं की प्रवर्गाला नाव मिळतं आणि फरक सापडला की गुणधर्म मिळतो. प्रसंगाशी प्रसंग, मग प्रवर्गाशी प्रसंग, मग प्रवर्गाशी प्रवर्ग, असं ते वर चढत जातं. ग्लेझर यांनी १९६५ मध्ये या तुलनेवर स्वतंत्र लेख लिहिला होता. त्यातला नियम असा की एखादा प्रसंग एखाद्या प्रवर्गाखाली टाकताना त्या प्रवर्गात आधी टाकलेले प्रसंग आठवून त्यांच्याशी ताडून पाहायचा. ऐकायला किरकोळ वाटतो. पण सॉफ्टवेअरमध्ये वाक्य निवडून कोडच्या यादीत टिचकी मारण्याची सवय लागली की नेमकी हीच पायरी गळते. वाक्य योग्य डब्यात जातं, डबा मात्र जसाच्या तसा राहतो.

तिसरी मुलाखत दूधवाल्या एका दादांची. त्यांच्या दावणीला म्हशी. खूण त्यांचीही तीच, २००५ ची. पाणी त्या खुणेच्या खाली होतं तेव्हाच त्यांनी म्हशी सोनतळीला लावल्या. (पूर्वीच्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्यात, कितीतरी घरं त्या जागा फक्त पुरात वापरतात, हा एक स्वतंत्र विषय आहे.) बायका-पोरं संध्याकाळी गेली. ते स्वतः घरी राहिले. "खुणेला पाणी लागलं नव्हतं, मग म्हशी का हलवल्या?" असं विचारलं तर माझ्याकडं असं बघितलं, की हा माणूस शिकलाय तरी कुठं. "अहो, म्हस काय गाडीवर बसवून न्यायची हाय व्हय? रस्ता हाय तवर चालवत न्यायची. रस्ता बुडाला की बसली गोठ्यात."

इथं कोडिंग थांबवलं. नियमच आहे तसा: डोक्यात कल्पना आली की काम बाजूला ठेवून मेमो लिहायचा. मुलाखत पूर्ण करू, संध्याकाळी निवांत लिहू, असं म्हटलं की संध्याकाळपर्यंत त्या कल्पनेचं टोक बोथट झालेलं असतं, मग उरतो तो मुलाखतीचा गोषवारा. तो मेमो जसा लिहिला तसाच इथं देतो, भाषा सुधारलेली नाही:

'खूण धरणे — बिघडतंय. दूधवाल्याकडं खूण आहे पण म्हशी खुणेआधी गेल्या, माणसं त्यानंतर, आणि तो स्वतः गेलाच नाही. म्हणजे "निघणे" ही एक घटना नाही. तुकड्यातुकड्यानं निघतात. आजोबांनी सगळं घर एकदम धरलं होतं म्हणून मला एक घटना वाटली. प्रश्न १: तुकडे कशानं पडतात? जनावर हळू चालतं म्हणून? की रस्ता बंद होतो म्हणून? दोन्ही इथं एकत्र आहेत, वेगळे करता येत नाहीत. जिथं जनावर नाही पण हळू हलणारं, जपून न्यायचं काहीतरी आहे, तिथं बघायला हवं. जिथं रस्ता बंद होत नाही तिथं बघायला हवं. प्रश्न २: मागं राहणारा कशासाठी राहतो? चोरी? की आणखी काही? आजोबांच्या मुलाखतीत "बसलो" आहे, तो कुणाच्या वतीनं बसला ते विचारलेलं नाही. परत जायचं.'

मेमो चांगला की वाईट हे त्याच्या भाषेवरून ठरत नाही. वरच्या मेमोत दूधवाल्याबद्दल फारसं काही नाही. आहे ते 'खूण धरणे' या प्रवर्गाबद्दल. प्रवर्ग कुठं टिकतो, कुठं फाटतो आणि ते शोधायला कुठं जावं लागेल. 'दादांना आपल्या म्हशींची काळजी वाटत होती' असं लिहिलं असतं तर तो मेमो नव्हे, अहवाल झाला असता. आणि पुढची मुलाखत कुणाची, या प्रश्नाचं उत्तर मेमोच्या पोटातच आलंय. म्हणून मी म्हणालो, या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तुलनेशिवाय मेमो कोरडा राहतो आणि मेमोशिवाय सॅम्पलिंग म्हणजे नुसतं ओळखीपाळखीनं माणसं गाठणं.

इथं शोधप्रबंधांच्या व्यवहाराबद्दल एक शब्द. प्रस्तावात नमुन्याचा आकडा आधी मागतात. मग आपण लिहितो, अमुक पुरुष, तमुक स्त्रिया, शेतकरी, भूमिहीन, तीन वयोगट. कागदावर सुरेख दिसतं, आणि ते वाईटही नाही. पण ते लोकसंख्येचं प्रतिनिधित्व झालं. थिअरॉटिकल सॅम्पलिंगमध्ये प्रतिनिधित्व प्रवर्गाचं असतं. मला आणखी दहा शेतकरी नको होते, मला हवी होती अशी जागा जिथं जनावर नाही. समितीला मी सुरुवातीच्या मुलाखतींचा अंदाज आणि पुढची निवड कशावरून करणार याची रीत लिहून दिली, सोबत आकड्याऐवजी एक पल्ला दिला. तेवढं चाललं.

मेमोनं मला शहरात आणलं, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गणपती तोंडावर आलेले असताना. घरोघरी, ओसरीवर, जिन्याखाली मूर्ती मांडलेल्या असतात, काही रंगवून तयार, काही नुसत्या घासलेल्या, काही साच्यातून कालच निघालेल्या. एका काकांनी मला हात लावून दाखवायला लावलं. वाळलेली मूर्ती दोघांनी उचलली की जाते, ओली मूर्ती उचलताना हातातच बसते. शाडूची असेल तर पाणी लागल्यावर तिचा चिखल होतो; प्लास्टरची टिकते, पण रंग उतरतो आणि गिऱ्हाईक घेत नाही. म्हणून तिथं हलवण्याचा एक क्रम असतो: रंगवलेल्या आणि आगाऊ रक्कम घेतलेल्या आधी माळ्यावर, मग वाळलेल्या, आणि ओल्यांवर शेवटी पाणी सोडायचं. अक्षरशः.

म्हशीशेजारी मूर्ती ठेवून पाहिली. म्हैस स्वतः चालते पण तिला दूरवर जागा लागते. मूर्ती चालत नाही पण तिला माळा पुरतो. दोन्हीकडं तुकड्यातुकड्यानंच हलवाहलव, म्हणजे तुकडे पडायला जनावरच लागतं असं नाही. मेमोतल्या पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटला. 'जे हळू हलतं ते आधी' असं मी लिहायला घेतलं होतं, पण ओल्या मूर्तीनं ते खोडलं. सर्वांत हळू हलणारी तीच, आणि ती शेवटी. मग लिहिलं, 'जे हलवून वाचतं ते आधी'. अशी नुसती दोन शब्दांची दुरुस्ती, पण ती विरोधी प्रसंगाशिवाय झाली नसती. प्रवर्गाला तडा देणारा प्रसंग दिसला की तो तळटिपेत ढकलायचा मोह होतो. तोच प्रसंग सर्वांत कामाचा असतो.

कुंभार गल्लीनं आणखी एक गोष्ट दिली, जी मी शोधत नव्हतो. तिथं कुणी पायरीचं नावच काढलं नाही. "जयंती नाला उलटा फिरला की आम्ही उचलायला लागतो," काका म्हणाले. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि फुगून माघारी शहरात शिरतं. म्हणजे यांची खूण पातळीची नव्हे, दिशेची. पाणी किती आलं यापेक्षा कुठल्या बाजूनं वाहतंय. हे लक्षात आल्यावर मी नवी मुलाखत घेतली नाही, जुने कागद काढले. थिअरॉटिकल सॅम्पलिंग म्हणजे दर वेळी नवा माणूस असं नव्हे. हातातल्या मजकुरातूनही प्रसंग वेचता येतात, फक्त आता वेचण्याचा प्रश्न बदललेला असतो. आजोबांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं: "रातीत दोन पायऱ्या खाल्ल्या." पहिल्या फेरीत त्याला 'दचकणे' म्हटलं होतं. आता त्यात वेग दिसला. ते पातळी धरून बसले होते आणि वेगानं त्यांना उठवलं. दूधवाल्यांच्या मुलाखतीतही होतं: गटारीकडेला काठी रोवून ठेवली होती आणि तासाला किती बोटं चढतंय ते बघत होते. मी ते वाक्य तेव्हा नुसतं 'पाणी मोजणे'मध्ये टाकलेलं. अशा रीतीनं 'खूण' आता तीन प्रकारची झाली: जागेची, दिशेची, वेगाची. आणि जागेची खूण धरणारे उशिरा हलतात, कारण ती खूण मागच्या पुराचं शिखर सांगते, या पुराचं काहीच सांगत नाही. बंधाऱ्यावरचे फूट सगळ्यांना माहीत असूनही उपयोगी का पडत नव्हते ते इथं थोडं उलगडलं. ४३ फूट म्हणजे आपली कितवी पायरी, हे ज्यानं मनाशी जुळवून ठेवलंय त्यालाच तो आकडा बोलतो.

राहिला रस्त्याचा प्रश्न. त्यासाठी दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात गेलो. इथं पाणी लवकर येतं आणि इथली कुटुंबं दर मोठ्या पावसात जवळच्या चित्रदुर्ग मठात हलतात. एका मावशींना मी विचारलं, इतक्या लवकर कशा निघता? त्या हसल्या. "लवकर काय त्यात? दुपारी जाऊन बघून येतोय की आम्ही. कुलूप लावलंय का, पाणी कुठवर आलंय. पुन्हा मठात." घर आणि मठ यांतलं अंतर चालत जायचं. निघणं म्हणजे घर सोडणं नव्हतंच. चिखलीत मात्र घरात पाणी येण्याआधी रस्ता बुडतो. तिथं निघालेला माणूस पाणी उतरेपर्यंत परत येत नाही. हे दोन्ही शेजारी ठेवले आणि दूधवाले दादा मागं का राहिले ते वेगळंच दिसू लागलं. पुन्हा त्यांच्याकडं गेलो. चोरीची भीती होती, ती ते लपवत नव्हते. पण तेवढंच नव्हतं. वैरण माळ्यावर टाकायची होती, पेरलेल्या भाताचं, उसाचं काय होतंय ते बघायचं होतं, आणि पाणी उतरायला लागलं की पहिला निरोप कुणीतरी द्यायला हवा होता, म्हणजे बाकीचे परततील. सगळं घर गेलं असतं तर परतीची वेळ कळली नसती.

त्या रात्रीच्या मेमोचा मथळा होता 'परतीची वाट राखणे', आणि बाकीचे प्रवर्ग हळूहळू त्याच्याभोवती येऊन बसले. माणसं पाण्यापासून पळत नाहीत; परत येता येईल अशा बेतानं मागं सरकतात. परत येणं सोपं तिथं लवकर निघतात, अवघड तिथं उशिरा, आणि फारच अवघड तिथं घरातलं कुणीतरी मागं ठेवतात. म्हशी आधी जाण्याचं कारणही यात बसलं: म्हैस वाचली तर परतल्यावर दूध घालता येतं, संसार पुन्हा चालतो. रंगवलेल्या मूर्तीचं तेच, ती वाचली तर आगाऊ घेतलेल्या पैशाची लाज राहते. अशा मध्यवर्ती प्रवर्गाबद्दल सावध मात्र राहावं लागतं. एकदा तो सापडला की सगळं त्याच्यातच दिसायला लागतं. माझ्या हाती त्यावर एक सोय होती, २०२१ चा जुलै. तेव्हाही पाणी तसंच मोठं आलं. त्याच घरांना मी दोन पुरांबद्दल वेगवेगळं विचारू शकत होतो आणि माणसाची तुलना त्याच माणसाशी करू शकत होतो. आजोबा २०२१ ला लवकर निघाले. माझी अटकळ होती की २०१९ ची उंच खूण पाहिल्यामुळं निघाले असतील. ते म्हणाले, "खुणंचं सोडा. नावंत बसताना म्हातारीचा पाय घसरला हुता. परत ती नाव नको." परतीच्या वाटेचा प्रवर्ग इथं थोडा हलला. निघायची वाट कशी असेल, हेही तोलात येतं. पायी निघायचं की नावेतून, यावर वेळ ठरते. म्हणून प्रवर्गाच्या व्याख्येत 'परतीची' सोबत 'जाण्याची' आली आणि नाव थोडं लांबलं. बिघडलं काही नाही.

शेवटचा मोठा फेरा शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला. इथं कृष्णा आणि पंचगंगा मिळतात आणि पाणी बहुतेक पावसाळ्यांत दत्ताच्या देवळात येतंच. पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला लांबून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या बाजूला हलवतात. मला ही जागा हवी होती कारण इथं हलणं हा अपवाद नसून रिवाज आहे. देवळाकडच्या वाटेवरच्या पेढ्या-कवठबर्फीच्या एका दुकानदारांनी सांगितलं, पाणी कुठल्या टप्प्याला आलं की कुठली फळी उतरवायची हे वडिलांपासून ठरलेलं. इथं जागेची खूण आहे आणि तरी उशीर होत नाही! माझ्या आधीच्या म्हणण्याला हा सरळ छेद. जवळून बघितल्यावर फरक कळला: चिखलीतली खूण एकच, शेवटची; इथल्या खुणा अनेक, खालून वरपर्यंत, आणि प्रत्येकीला एक काम बांधलेलं. म्हणजे जागेची खूण उशीर करवते असं नाही, एकटी खूण करवते. २०१९ ला मात्र पाणी त्या सगळ्या ठरलेल्या टप्प्यांच्या वर गेलं, आणि दुकानदारांच्याच शब्दांत, "त्येच्या पुढं काय करायचं ते वडलांनी सांगितलंच नव्हतं."

कुठं थांबायचं हे सॅच्युरेशनवर ठरतं, आणि या गोष्टीचा जितका गैरसमज आहे तितका क्वचितच कशाचा असेल. 'आता सगळे तेच सांगतायत' म्हणजे सॅच्युरेशन नव्हे. चिखलीच्या एकाच गल्लीत राहिलो असतो तर तिसऱ्या घरापासून सगळे तेच सांगत होते. प्रवर्गाचे नवे गुणधर्म यायचे थांबले, आणि तेही आपण मुद्दाम वेगळ्या जागा धुंडाळल्यावर, तर ते सॅच्युरेशन. माझ्या कामात 'खूण' भरली असं म्हणता येईल. 'मागं राहणे' मला अजून तसं वाटत नाही. मागं राहिलेल्या बाईशी मला बोलता आलं नाही, आणि ते प्रबंधात मी तसंच लिहिलंय.

दुसऱ्यांचे प्रबंध वाचताना मी एक साधी गोष्ट बघतो. परिशिष्टात मुलाखतीचे प्रश्न दिलेले असतात. पहिल्या मुलाखतीचे आणि शेवटच्या मुलाखतीचे प्रश्न एकच असतील तर प्रकरण तिसऱ्यात 'थिअरॉटिकल सॅम्पलिंग केलं' हे कितीही ठसठशीत लिहिलेलं असो, झालेलं नसतं. मी चिखलीत 'पूर आला तेव्हा काय झालं?' इथून सुरू केलं होतं. वाडीत माझा पहिला प्रश्न होता, 'पहिली फळी कधी उतरवता?' सगळ्या मुलाखती आधी घेऊन, टाईप करून, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एकत्र विश्लेषणाला बसणाऱ्यांना हे जमूच शकत नाही, कारण त्यांचं विश्लेषण मुलाखतींना काही सांगायच्या आत मुलाखती संपलेल्या असतात.

या कामाची एक मर्यादा तुलनेनंही जात नाही. मला मिळालं ते पुरानंतरचं सांगणं. निघून सुखरूप पोचलेला माणूस आपला निर्णय मागं वळून शहाणा करून सांगतो, अडकलेला माणूस नशिबावर टाकतो. त्यामुळं भर पुरातल्या गोष्टींना मी जास्त वजन दिलं: दूधवाल्यांनी रोवलेली काठी, काकांच्या वहीत ऑर्डरींपुढं मारलेल्या खुणा, दादांच्या मोबाईलवर राहिलेले त्या रात्रीचे निरोप. आणि किती टक्के घरं उशिरा निघतात ते माझ्या कामातून सांगता येणार नाही. तो प्रश्न प्रश्नावलीचाच.

लिहायला बसण्याआधी मेमो छापून सतरंजीवर पसरले आणि रचायला लागलो. आराखडा आधी करून त्यात मेमो कोंबायचे नाहीत, कुठला कुठल्याशेजारी बसतो ते बघत प्रकरणांचा क्रम येऊ द्यायचा. आमच्या घरातल्यांना पंख्याचं बटण दाबायची त्या आठवड्यात बंदी होती. 'जे हलवून वाचतं' हा गठ्ठा 'परतीची वाट'च्या आधी जावा असं मला वाटत होतं. रचताना दिसलं की वाट आधी आल्याशिवाय काय वाचवायचं याचा क्रम समजतच नाही, म्हणून प्रकरणं उलटी झाली. बरेचसे मेमो बसले. काही उरले. त्यांतला एक राधानगरीच्या दरवाज्यांबद्दलचा आहे: दरवाजे उघडल्याची बातमी आल्यावर काही घरांत हलवाहलव सुरू होते आणि काही घरांत उलट निवांतपणा येतो, 'आता पाणी कधी येणार ते तरी कळलं' म्हणून. एकाच बातमीची ही दोन टोकं कुठल्याच गठ्ठ्यात बसेनात. तो मेमो मी वेगळ्या पाकिटात ठेवलाय. त्याच्यासाठी भोगावतीच्या काठानं वर, धरणाच्या अगदी खालच्या गावांत जायला लागेल, जिथं बातमी आणि पाणी जवळजवळ बरोबरच येतात.